दूध दरपत्रकातले डॉलर

दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर एक कागद हमखास डकवलेला असतो. डाव्या कडेला वरून खाली फॅटचे आकडे, माथ्यावर डावीकडून उजवीकडे एसएनएफचे, म्हणजे दुधातली चरबी वगळून उरलेल्या घन पदार्थांचे. दोन्ही आकडे जिथे भेटतात त्या चौकटीत लिटरचा दर. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरला जातो. त्याच्या वर किंवा खाली जाणाऱ्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ठरलेले पैसे वाढतात किंवा कापले जातात. मूळ दर बदलला की तक्त्यातली प्रत्येक चौकट बदलते.

हा तक्ता एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये करायचा, तर फॉर्म्युला एकदाच लिहावा लागतो. बाकीच्या चौकटींत तो नुसता कॉपी होतो. मात्र तो बरोबर कॉपी व्हायचा असेल, तर त्यात डॉलरची चिन्हं नेमक्या जागी हवीत. या चिन्हाचा पैशाशी काही संबंध नाही. त्याच्या जागी रुपयाचं चिन्ह टाकलं तर फॉर्म्युला चालतच नाही. डॉलर काय करतो हे अनेकांना अर्धवट माहीत असतं: ‘तो सेल लॉक करतो.’ अर्धवट अशासाठी, की सेलला तो हातही लावत नाही. डॉलर लावलेल्या सेलमधला आकडा कोणीही खोडू शकतं, बदलू शकतं. डॉलर बांधतो ते फॉर्म्युल्यात लिहिलेला पत्ता, आणि तोही फक्त फॉर्म्युला कॉपी होताना.

उदाहरणासाठी एक छोटा तक्ता घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. B1 मध्ये मूळ दर ३० रुपये, B2 मध्ये फॅटच्या एका पॉइंटचे ३० पैसे (०.३०), B3 मध्ये एसएनएफच्या एका पॉइंटचे २० पैसे (०.२०). चौथी ओळ रिकामी. पाचव्या ओळीत B5 पासून H5 पर्यंत एसएनएफ: ८.३ ते ८.९. A कॉलममध्ये A6 पासून A12 पर्यंत फॅट: ३.२ ते ३.८. मधल्या ४९ चौकटी भरायच्या आहेत. पहिली चौकट B6. तिथे डॉलरचा विचार न करता फॉर्म्युला असा लिहिला जातो:

```
=B1+(A6-3.5)*10*B2+(B5-8.5)*10*B3
```

उत्तर येतं २८.७०. फॅट तीन पॉइंट कमी म्हणून ९० पैसे गेले, एसएनएफ दोन पॉइंट कमी म्हणून ४० पैसे गेले. हिशेब चोख. आता हा फॉर्म्युला शेजारच्या C6 मध्ये कॉपी केला की तिथे शून्य उमटतं. खालच्या B7 मध्ये उणे १० पैसे. त्याच्या खाली B8 मध्ये उणे ७१३ रुपये ६० पैसे. आणि B9 मध्ये, जिथे नेमका ३.५ फॅटचा दर यायला हवा, तिथे उणे दोन लाख सात हजारांवर आकडा. दूध घालणाऱ्यानेच डेअरीला पैसे द्यायचे, असा हा दर झाला.

कॉम्प्युटर बिघडलेला नाही. B6 मधला फॉर्म्युला वाचताना आपल्याला त्यात B1, A6, B5 अशी सेलची नावं दिसतात. पण कॉपी होताना प्रोग्रॅम त्यांच्याकडे नावं म्हणून बघत नाही, अंतरं म्हणून बघतो. B6 मध्ये बसून B1 म्हणणं म्हणजे ‘माझ्याच कॉलममधला, पाच ओळी वरचा सेल’. A6 म्हणजे ‘माझ्याच ओळीतला, एक घर डावीकडचा’. फॉर्म्युला एक घर खाली सरकला की ‘पाच ओळी वरचा’ सेल B1 उरत नाही, B2 होतो. म्हणून B7 मध्ये मूळ दराऐवजी ३० पैसे आले. फॅटच्या पॉइंटच्या जागी B3 मधले एसएनएफचे २० पैसे आले, आणि एसएनएफच्या जागी तर B6 मध्ये नुकतंच निघालेलं २८.७० हे उत्तर. B8 मध्ये गंमत आणखी वाढली: वरचं चुकीचं उत्तर एसएनएफ समजून घेतलं गेलं आणि ८.३ हा एसएनएफचा आकडा पैसे समजून त्याने गुणलं गेलं.

अंतर लक्षात ठेवण्याची ही रीत हीच स्प्रेडशीटची मोठी सोय आहे. पगारपत्रकात शंभर माणसं असतील तर पहिल्या ओळीत ‘डावीकडचा मूळ पगार अधिक त्याच्या पलीकडचा भत्ता’ असं एकदा लिहून खाली ओढलं की प्रत्येकाला त्याच्याच ओळीतले आकडे मिळतात. अडचण येते ती काही पत्ते सरकायला हवेत आणि काही हलायला नकोत, अशी वेळ आल्यावर. दूधदराच्या तक्त्यात तीन प्रकारचे पत्ते एकाच फॉर्म्युल्यात भेटतात, म्हणून तो या विषयाचा उत्तम नमुना.

डॉलरचा नियम एका ओळीचा आहे: तो आपल्या लगेच पुढच्या अक्षराला किंवा आकड्याला बांधतो, बाकी कशाला नाही. सेलच्या पत्त्याला दोन भाग असतात, कॉलमचं अक्षर आणि ओळीचा आकडा, आणि दोघांना वेगवेगळा डॉलर लागतो. मूळ दर तक्त्यात कुठूनही विचारला तरी B1 मध्येच आहे, म्हणून दोन्ही भाग बांधायचे: $B$1. पॉइंटचे पैसे तसेच, $B$2 आणि $B$3. फॅटचं मात्र वेगळं. फॅटचे आकडे कायम A कॉलममध्ये आहेत, तेव्हा कॉलम बांधायला हवा. पण ओळ बदलली की फॅट बदलायलाच हवा, तेव्हा ओळ मोकळी. म्हणून $A6. एसएनएफ याच्या उलट: तो कायम पाचव्या ओळीत आहे, पण कॉलम बदलला की बदलायला हवा. म्हणून B$5.

```
=$B$1+($A6-3.5)*10*$B$2+(B$5-8.5)*10*$B$3
```

आता हा फॉर्म्युला B6 मधून H12 पर्यंत पसरवला की ३.५ आणि ८.५ च्या चौकटीत, म्हणजे D9 मध्ये, बरोबर ३०.०० येतात. शेवटच्या H12 मध्ये ३१.७०: फॅटचे ९० पैसे आणि एसएनएफचे ८० पैसे चढून. B1 मधला ३० खोडून ३२ लिहिला की ४९ चौकटी एका दमात बदलतात.

हे डॉलर हाताने टाइप करता येतात, पण सहसा कोणी करत नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर पत्त्यावर असताना F4 दाबलं की B1 चा $B$1 होतो. पुन्हा दाबलं की B$1, मग $B1, आणि चौथ्यांदा परत B1. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी Fn दाबून धरावं लागतं, कारण तिथे F4 ला आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्याचं काम दिलेलं असतं. मॅकवरच्या एक्सेलमध्ये Command आणि T ही जोडीही चालते. मोबाइलवर मात्र डॉलर बहुतेकदा शोधून टाइप करावा लागतो.

सुरुवातीला हे चिन्ह नव्हतंच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी केलेला व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर आला. घरच्या-ऑफिसच्या छोट्या कॉम्प्युटरवरचा तो पहिला स्प्रेडशीट प्रोग्रॅम. त्यात फॉर्म्युला पसरवायला निघालं की प्रोग्रॅम फॉर्म्युल्यातल्या एकेका पत्त्यापाशी थांबून विचारायचा: हा जसाच्या तसा ठेवू की जागेप्रमाणे बदलू? N दाबलं तर बदल नाही, R दाबलं तर जागेनुसार. दूधदराच्या फॉर्म्युल्यात पाच पत्ते आहेत. म्हणजे पाच प्रश्न. बरं, ही उत्तरं फॉर्म्युल्यात कुठे नोंदली जात नसत. पुढच्या वेळी तोच फॉर्म्युला पसरवायचा झाला की पुन्हा पाच प्रश्न, आणि आधी काय उत्तर दिलं होतं ते ज्याचं त्याने आठवायचं. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ मध्ये हा निर्णय डॉलरच्या रूपाने फॉर्म्युल्यातच लिहिला जाऊ लागला. त्यासाठी तिथे जी बटण होती तीही F4 च. एक्सेलने दोन्ही गोष्टी उचलल्या. लोटस मागे पडला, डॉलर आणि F4 मात्र जिथल्या तिथे आहेत.

उणे दोन लाखांचा दर दिसला की कोणीही थबकतो. विसरलेला डॉलर पुष्कळदा असा आरडाओरडा करतो. खरा धोका त्या डॉलरचा, जो नको तिथे लागला. घाईत F4 एकेकदाच दाबत गेलं की पाचही पत्त्यांना दोन्ही डॉलर लागतात. समजा फक्त एसएनएफच्या बाबतीत हे झालं: B$5 ऐवजी $B$5. मग प्रत्येक चौकट, ती कुठल्याही कॉलममध्ये असो, एसएनएफ ८.३ धरूनच दर काढेल. D9 मध्ये ३०.०० ऐवजी २९.६० येईल. आकडा अगदी दरासारखा दिसतो, खालच्या ओळींत फॅटप्रमाणे वाढतही जातो. संशय यावा असं त्यात काही नाही. पण रोज २० लिटर दूध घालणाऱ्याला लिटरमागे ४० पैसे कमी, म्हणजे दहा दिवसांच्या बिलात ८० रुपयांची खोट. ती एकट्याची नाही, ८.५ एसएनएफ लागणाऱ्या प्रत्येकाची. ८.९ वाल्याचं नुकसान तर लिटरला १ रुपया २० पैसे. उत्तम दूध घालणाऱ्याला सर्वांत मोठा फटका.

अशी चूक ओळखायची खूण आहे: तक्त्यात एका ओळीत सगळीकडे तोच आकडा दिसतो, किंवा एका कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत तोच. इथे पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे २८.७० च २८.७० दिसेल. जो आकडा बदलायला हवा तो बदलत नसेल, तर एखादा डॉलर जास्त आहे. एक्सेलचा कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण इथे कामी येत नाही. तो त्रिकोण शेजाऱ्यांपेक्षा वेगळा पडलेला फॉर्म्युला दाखवतो. आणि इथे चूक ४९ ठिकाणी एकसारखी पसरलेली असल्याने वेगळं कोणी पडतच नाही.

विसरलेला डॉलरही दर वेळी ओरडतो असं नाही. शाळेतल्या निकालपत्रकाचं उदाहरण घ्या. चाळीस मुलांचे गुण B2 ते B41 मध्ये आहेत आणि क्रमांक काढायचा आहे. पहिल्या मुलासमोर लिहिलं:

```
=RANK(B2,B2:B41)
```

पहिल्या मुलाचा क्रमांक बरोबर येतो. फॉर्म्युला खाली ओढला की दुसऱ्या मुलाची तुलना B3 ते B42 शी होते; म्हणजे पहिला मुलगा स्पर्धेतून बाहेर, आणि खालचा एक रिकामा सेल आत. जसजसं खाली जावं तसतसे वरचे विद्यार्थी गळत जातात. चाळिसाव्या मुलाची तुलना B41 ते B80 शी, म्हणजे फक्त स्वतःशी, आणि त्याचा क्रमांक पहिला. उपाय $B$2:$B$41. क्रमांकांच्या रांगेत दोन-तीन ‘पहिले’ दिसले आणि त्यांचे गुण सारखे नसले, तर यादीचा पट्टा घसरला असं खुशाल समजावं.

तोच पट्टा मुद्दाम अर्धाच बांधला तर तो कामाला येतो. दहा दिवसांचं दूध रोजच्या रोज लिहून आजवरची एकूण बेरीज शेजारी हवी असेल, तर `=SUM($C$2:C2)` लिहून खाली ओढतात. वरचं टोक बांधलेलं, खालचं मोकळं. तिसऱ्या दिवशी तो C2 ते C4 होतो, दहाव्या दिवशी C2 ते C11.

आता डॉलरच्या हद्दीबद्दल, कारण गैरसमज बहुतेक तिथेच होतात. डॉलर फक्त कॉपीच्या वेळी बघितला जातो. तक्त्याच्या डोक्यावर डेअरीचं नाव लिहायला नवी ओळ घातली, तर B1 मधला मूळ दर B2 मध्ये सरकतो, आणि फॉर्म्युल्यातला $B$1 आपोआप $B$2 होतो. ‘लॉक’ केलेला पत्ता कसा बदलला म्हणून काहींना धक्का बसतो. पण तो बदलला नसता तर दर भलत्याच सेलमधून आला असता. ती ओळच डिलीट केली तर डॉलर असो वा नसो, फॉर्म्युल्यात #REF! येतं. कट करून हलवण्याचंही असंच: फॉर्म्युला कट करून दुसरीकडे ठेवला, तर डॉलर नसलेले पत्तेही जसेच्या तसे राहतात. मूळ दराचा सेल कट करून K1 मध्ये नेला, तर फॉर्म्युले त्याच्या मागोमाग K1 कडे बघू लागतात. आणि आकडा कोणी बदलू नये असं वाटत असेल, तर त्यासाठी शीटला पासवर्ड घालण्याची वेगळी सोय आहे. तिचा डॉलरशी संबंध नाही.

शीटचं नावही डॉलर धरून ठेवत नाही. गाईच्या तक्त्यातला फॉर्म्युला म्हशीच्या दुधासाठी केलेल्या दुसऱ्या शीटमध्ये पेस्ट केला, तर तिथला $B$1 म्हणजे त्याच नव्या शीटमधला B1. इथे ते हवंच आहे, कारण म्हशीच्या दुधाचा मूळ दर वेगळा. पण फॉर्म्युल्यात ३.५ आणि ८.५ हे आकडे थेट लिहिलेले होते, आणि म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला ठरतो. थेट लिहिलेला आकडा सर्वांत घट्ट बांधलेला: तो कुठेही कॉपी करा, बदलत नाही. म्हणून हे दोन आकडेही वर वेगळ्या सेलमध्ये ठेवून $ लावून बोलावणं शहाणपणाचं. उलट, एकच पान सगळ्यांनी वापरायचं असेल तर Sheet1!$B$1 असं शीटच्या नावासकट लिहावं लागतं.

तक्ता तपासायची सोपी रीत म्हणजे समोरासमोरचा शेवटचा कोपरा. सुरुवात B6 मधून केली असेल तर H12 वर जाऊन F2 दाबावं. एक्सेल फॉर्म्युल्यातल्या प्रत्येक पत्त्याला रंग देऊन तो सेल त्याच रंगात चौकटबद्ध करतो. H12 मधून तीन चौकटी B1, B2, B3 वर, एक A12 वर आणि एक H5 वर पडली पाहिजे. पहिल्या सेलमध्ये बघून काही कळत नाही. डॉलर बरोबर असो वा चूक, तिथलं उत्तर बरोबरच येतं.

याहून पक्की तपासणी एक्सेलच्या पोटातच आहे, पण फारशी कोणी वापरत नाही. पर्यायांमध्ये फॉर्म्युल्यांच्या पानावर R1C1 नावाची एक खूण आहे. ती केली की कॉलमची अक्षरं जाऊन आकडे येतात आणि आपला फॉर्म्युला असा दिसतो:

```
=R1C2+(RC1-3.5)*10*R2C2+(R5C-8.5)*10*R3C2
```

R म्हणजे ओळ, C म्हणजे कॉलम. R1C2 म्हणजे पहिली ओळ, दुसरा कॉलम, पूर्ण पत्ता. RC1 म्हणजे ‘माझीच ओळ, पहिला कॉलम’. R5C म्हणजे ‘पाचवी ओळ, माझाच कॉलम’. डॉलर कुठेच नाही, कारण या लिपीत अंतर आणि पत्ता आधीच वेगळे लिहिलेले आहेत. B6 पासून H12 पर्यंत कुठलीही चौकट उघडली तरी अक्षर न् अक्षर हाच मजकूर दिसतो. नेहमीच्या पद्धतीत ४९ वेगळे वाटणारे फॉर्म्युले खरं तर एकच आहेत, हे इथे डोळ्यांनी बघता येतं, आणि मध्येच कोणी एखाद्या चौकटीत हाताने फेरफार केला असेल तर तोही लगेच उघडा पडतो.

एक्सेलच्या २०२१ पासूनच्या आणि ३६५ च्या आवृत्तीत हा तक्ता कॉपी न करताही भरता येतो. B6 मध्ये एकच फॉर्म्युला लिहायचा:

```
=B1+(A6:A12-3.5)*10*B2+(B5:H5-8.5)*10*B3
```

एंटर दाबलं की उत्तरं आपसूक ४९ चौकटींत सांडतात. गूगल शीट्समध्ये हेच ARRAYFORMULA च्या कंसात लिहावं लागतं. या फॉर्म्युल्यात डॉलर एकही नाही आणि त्याची गरजही नाही, कारण इथे कॉपी होतच नाही. सगळे पत्ते B6 मध्येच लिहिले आणि तिथूनच वाचले जातात. उद्या हाच फॉर्म्युला उचलून त्याच शीटमध्ये खाली पंधराव्या ओळीत पेस्ट केला, तर तो मूळ दर B10 मध्ये शोधू लागेल.